ब्रेकिंगची क्लिप, दुपारचे साडेबारा आणि माझे 19 दिवस

पुण्यातल्या एका स्थानिक वाहिनीच्या डिजिटल टीमपुढे मला तासभर बोलायचं होतं. ब्रेकिंगची क्लिप किती तासांत थंडावते आणि ती पुन्हा कधी टाकायची, एवढाच विषय. मांडणी दोन संध्याकाळींत झाली. अडलं ते आकड्यांपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

उदाहरण त्यांच्याच गावचं घ्यायचं ठरवलं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला. पावसाळ्यात पुणेकर ही बातमी उठल्याउठल्या शोधतात. जुलैमध्ये सकाळी 6:10 ला टाकलेल्या त्यांच्या यूट्यूब क्लिपचे तासागणिक व्ह्यूज मला हवे होते. मुख्य कार्यालयाने अर्ज भरायला लावला. तो 'प्रयोजन स्पष्ट नाही' म्हणून परत आला, मग सही राहिली म्हणून. 19 दिवसांनी एक एक्सेल फाइल आली, तीही दिवसागणिक आकड्यांची. दोन तारखा, दोन्हींपुढे जवळजवळ सारखेच व्ह्यूज. ती फाइल घेऊन मी उभा राहिलो असतो, तर क्लिप दोन दिवस चालते असं सांगून आलो असतो.

प्रत्यक्षात ती एकाच दिवसात संपली होती. यूट्यूबच्या अहवालातला दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने बदलतो. जुलैमध्ये आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्र होते. म्हणजे 6:10 पासूनचे पहिले सहा तास वीस मिनिटं 'काल'च्या रकान्यात गेले आणि उरलेला दिवस 'आज'च्या. हे मुख्य कार्यालयात कुणालाच ठाऊक नसावं, याचं मला खरंच वाईट वाटलं. यूट्यूब स्टुडिओतला रिअलटाइम आलेख तास दाखवतो, पण मागच्या 48 तासांचेच. ते केव्हाच उलटून गेले होते.

मग मी थेट प्रवेश मागितला. नकार आला, कारण चॅनेलची कमाई दिसेल. यावर उपाय तिथेच आहे: सेटिंग्जमधल्या `Permissions` मध्ये `Viewer (limited)` ही भूमिका द्या. आकडे दिसतात, कमाई दिसत नाही, बदल काहीच करता येत नाही. डेस्कप्रमुख मॅडमनी स्वतः पाठपुरावा केला आणि काम दोन मिनिटांत झालं. तुम्हाला असे आकडे लागणार असतील तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत या भूमिकेचं नाव लिहा.

पुढच्या विसर्गाची क्लिप सकाळी 6:40 ला पडली आणि मी आलेख उघडून बसलो. 24 तासांत साधारण 12,000 व्ह्यूज आले. त्यातले निम्मे पावणेदहाच्या आतच, म्हणजे तीन तासांत. दहानंतर आलेख घसरला आणि डेस्कवर लगेच 'परत टाकूया का?' सुरू झालं. मी थांबायला सांगितलं. दहा वाजता लोक कामाला लागतात, सगळ्याच व्हिडिओंचे व्ह्यूज पडतात. म्हणून क्लिपचे नुसते आकडे न बघता, त्या तासात सबंध चॅनेलवर आलेल्या व्ह्यूजमध्ये तिचा वाटा किती ते बघायचं. आठ ते नऊ शंभरातले 40 या क्लिपचे होते, दहा ते अकरा 38. क्लिप जिवंत होती, फोन खिशात गेले होते. तेव्हा तीच परत टाकली तर व्ह्यूज दोन ठिकाणी विभागतात आणि हाती काही येत नाही.

बारा ते एक वाटा 15 वर आला, आणि त्याच सुमारास विसर्ग पुन्हा वाढवल्याचं कळलं. वाटा पडलाय आणि घटना पुढे सरकलीये, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की नवी क्लिप टाकायची. नुसता वाटा पडला असेल तर नाही. तीही जुनीच उचलून नव्हे: नवा क्युसेकचा आकडा, नवी दृश्यं, आणि पहिल्याच फ्रेमवर तारीख व वेळ.

जुन्या क्लिपचं काय, हे मी बोलताना विसरलो होतो, नंतर एका मुलीने विचारलं. यूट्यूबवर फाइल बदलता येत नाही, पण शीर्षक बदलता येतं. तिथे 'सकाळी 6:40 ची स्थिती' असं लिहायचं आणि नव्या क्लिपची लिंक कमेंटमध्ये पिन करायची. नदीपात्रात गाडी लावलेला माणूस दुपारी सकाळचा आकडा बघून निर्धास्त राहतो, हे मला सगळ्यात जास्त सलतं.

पाणी ओसरल्यावर मात्र आलेख कितीही मोहात पाडो, ती क्लिप परत टाकायची नाही, असं टीमने त्याच दिवशी ठरवलं. `Viewer (limited)` चा प्रवेश आता त्यांच्या रात्रपाळीच्या दोघांकडेही आहे.