‘आगळ’ लिहिलेलं बटण

लग्नानंतर सांगलीहून वडोदऱ्यात आले त्याला दोन वर्षं झाली. गुजराती बोलता येतं, पण वाचताना अजून अक्षर अक्षर जुळवावं लागतं. कम्प्युटर कोर्सची परीक्षा ऑनलाइन होती. प्रश्न हिंदीत घेता आले, बटणं मात्र गुजरातीतच राहिली. दोन दिवस आधी सराव परीक्षा उघडली ते बरं झालं.

टायमर लगेच सापडला. वर उजव्या कोपऱ्यात एकच आकडा दर सेकंदाला बदलत होता, त्याला भाषा लागत नाही. शेजारचा शब्दही जुळला: સમય. डोक्यावरची रेघ नाही, बाकी आपलाच ‘समय’.

अडले ते प्रश्नाखालच्या बटणापाशी. तिथे लिहिलं होतं: સાચવો અને આગળ વધો. मी लावलं, ‘साचवो अने आगळ वधो’. आगळ म्हणजे आमच्या गावी दाराला आतून लावायचा अडसर. वाटलं, हे दाबलं की उत्तर कुलूपबंद, मग बदलता येणार नाही. म्हणून मी त्याला हातच लावला नाही. पर्यायावर टिचकी मारायची आणि उजवीकडच्या चौकोनांतला पुढचा नंबर दाबायचा, असे दहाही प्रश्न सोडवले. मागे पडलेला प्रत्येक चौकोन लाल होत गेला. मला वाटलं, लाल म्हणजे झालं.

शेवटी जो हिशेब आला त्यात हिरवे शून्य, लाल दहा. एकही उत्तर नोंदलं गेलं नव्हतं!

दांडिया बाजारात आमच्या वरच्या मजल्यावर काकू राहतात. घरात मराठी, शाळा सगळी गुजराती. त्यांनी स्क्रीन पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, आगळ म्हणजे पुढे. जपून ठेव आणि पुढे जा, एवढंच.” मग शेजारच्या સાફ કરો, म्हणजे ‘साफ करो’, या बटणावर बोट ठेवलं. “हे मात्र दाबू नकोस, दिलेलं उत्तर पुसतं.”

दुसऱ्या खेपेला दोन्ही गोष्टी मुद्दाम करून पाहिल्या. नंबर दाबून गेलं की उत्तर मागे राहत नाही, चौकोन लालच. साचवून गेलं की हिरवा. आणि हिरव्यावर परत जाऊन पर्याय बदलून पुन्हा साचवलं तर नवं उत्तर बसतं. म्हणजे माझी भीती खोटी होती. नंबरांचा उपयोग सुटलेल्या प्रश्नावर परत जायला, उत्तर द्यायला नाही.

સબમિટ કરો, म्हणजे ‘सबमिट करो’, हे बटण चौकोनांच्या खाली, एकटं होतं. ते दाबल्यावर परीक्षा लगेच संपत नाही. आधी हिशेब दिसतो, मग હા किंवा ના, म्हणजे हो की नाही, विचारतात.

परीक्षेच्या दिवशी 50 पैकी 46 हिरवे, 4 लाल दिसले. घड्याळात सहा मिनिटं होती. ના दाबून परत गेले, चारही प्रश्न साचवले, पुन्हा हिशेब उघडला. लाल शून्य. मग હા दाबलं.