तात्यांच्या शिव्या आणि एक किलोहर्ट्झचा बीप

आमच्या गावच्या वाचनालयाने म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड करायला घेतल्या आणि त्यांचं एडिटिंग माझ्याकडे आलं. पहिलीच मुलाखत निघाली एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरची. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. तात्या घाटातल्या रात्री सांगायला लागले की पाऊस, ब्रेक आणि शिवी ही एकत्रच येतात. मुलाखत घेणाऱ्या ताईंनी फाइल देताना बजावलं, "शाळेची पोरं ऐकणार आहेत. आई-बहिणीवरचं एकही जाऊ देऊ नका. पण तात्या तात्याच वाटले पाहिजेत."

'आयला', 'च्यायला' ठेवायचं हे आमचं लगेच ठरलं. ते काढलं असतं तर तात्यांच्या बोलण्यात शिल्लक फारसं काही राहिलं नसतं. बाकीच्यांसाठी मी ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी नुसती ऐकत खुणा करत गेलो. शब्द सिलेक्ट करायचा, `Ctrl+B` दाबायचं, लेबलात काहीतरी लिहायचं. ही लेबलं वेळेसकट टेक्स्ट फाइलमध्ये काढता येतात. ती यादी ताईंकडे पाठवली आणि कुठला शब्द झाकायचा याचा निर्णय त्यांच्यावर सोडला. एडिटरने हा निर्णय एकट्याने घेऊ नये असं माझं मत आहे. त्याच त्या शिव्या ऐकून आपले कान लवकर निबर होतात.

शब्द कापून टाकणं हा पर्याय मी कधी धरतच नाही. कापला की पुढचं सगळं बोलणं मागे सरकतं. इथे तर व्हिडिओही होता. तीनशे मिलिसेकंदांचा शब्द काढला, तर तिथून पुढे आवाज चित्राच्या तीनशे मिलिसेकंद पुढे धावतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हे सात-आठ फ्रेम होतात. आवाज साधारण ४५ मिलिसेकंदांनी पुढे गेला तरी लोकांना ते खटकायला लागतं, असं प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतच नमूद आहे. पण नुसता ऑडिओ असता तरी मी कापलं नसतं. शिवी देताना तात्या आधी श्वास घेतात, शब्द ताणतात, मग किंचित थांबून पुढचं सांगतात. मधला शब्द नाहीसा झाला की श्वास आणि थांबणं एकमेकांना येऊन चिकटतं, आणि माणूस अडखळल्यासारखा वाटतो. म्हणून जेवढा वेळ आत होता तेवढाच बाहेर ठेवायचा. ऑडॅसिटीत त्यासाठी `Ctrl+L` आहे. ते निवडलेला भाग शांत करतं, पण लांबीला हात लावत नाही.

मग प्रश्न येतो की शांत करायचं की बीप लावायचा. लोकांना वाटतं, शांतता सौम्य आणि बीप आगाऊ. कानाला मात्र बऱ्याचदा उलटं वाटतं. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. रेकॉर्ड केलेल्या वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी पुसून त्या जागी त्याने खोकला बसवला. ऐकणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना तो शब्द अख्खा ऐकू आला, आणि खोकला नेमका कुठे झाला हेही त्यांना सांगता येईना. त्याच जागी नुसती शांतता ठेवली तेव्हा मात्र काहीतरी गायब आहे हे लगेच कळलं. वर दुसरा आवाज असला की मेंदू धरून चालतो की बोलणं त्याच्यामागे चालूच आहे. शांतता आली की त्याला भोक दिसतं.

याचा एक तोटा आहे, आणि तो मी ताईंना आधीच सांगितला. वाक्याच्या संदर्भाने मेंदू शब्द भरून काढतो, त्यामुळे मोठ्या माणसाला बीपमागची शिवी कळणारच. ज्या पोराला तो शब्द माहीतच नाही, त्याच्यापर्यंत तो पोचणार नाही, एवढंच बीपच्या हातात असतं.

आता एक वाक्य घेऊ. उतारावर ब्रेक गेल्याचं सांगताना तात्या म्हणतात, "अरे भ…च्या, ब्रेक लागंना की!" मधला अख्खा शब्द साधारण अर्ध्या सेकंदाचा होता. मी ट्रॅक स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सी चित्रासारख्या दाखवणाऱ्या दृश्यात, उघडला. तिथे स्वर आडव्या जाड पट्ट्यांसारखे दिसतात, आणि 'च', 'ट', 'क' अशा व्यंजनांच्या आधी एक अरुंद फिकट फट दिसते. ती फट म्हणजे जीभ हवा अडवून धरते तो क्षण. तेव्हा आवाज मुळातच नसतो. बीप संपवायला याहून चांगली जागा नाही, कारण तिथे बोलणं तसंही थांबलेलं असतं. मी 'च'च्या त्या फटीतच बीप संपवला आणि 'च्या' तसाच ठेवला. सुरुवातीला 'भ'चा ओठ उघडण्याचा ठोका तेवढा राहू दिला आणि पुढच्या स्वरापासून झाकलं. झाकलेला भाग तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास भरला. शब्द स्वरांवरून आणि मधल्या व्यंजनांवरून ओळखता येतो, आणि ते सगळं गेलं. पण शेवटचा 'च्या' तात्यांच्या चढ्या पट्टीतच येतो आणि "ब्रेक लागंना की" त्याला अलगद जोडून घेतं.

प्रत्येक शिवीला हे जमत नाही. शब्द तीन-चार अक्षरांचा असेल आणि ताणलेला असेल तरच दोन्ही टोकं वाचवता येतात. दोन अक्षरांचा शब्द झटकन उच्चारला असेल तर पहिलं व्यंजन ठेवलं तरी सगळं उघड होतं. तिथे अख्खा शब्द झाकला.

बीप म्हणजे १००० हर्ट्झची साइन लहर. ती फोनच्या टीचभर स्पीकरवरही नीट वाजते. मी बीपसाठी वेगळा ट्रॅक ठेवतो. मूळ ट्रॅकवर तुकडा शांत करायचा, तेवढीच जागा दुसऱ्या ट्रॅकवर निवडायची आणि `Generate > Tone`. इथे सावध राहावं लागतं. ॲम्प्लिट्यूड आपोआप ०.८ भरलेला असतो, म्हणजे कमाल पातळीच्या फक्त दोन डेसिबल खाली. हेडफोन लावून ऐकणाऱ्याच्या कानात तो सुईसारखा घुसतो. मी ०.१ ठेवला, म्हणजे वीस डेसिबल खाली. तात्यांचा आवाज प्रकाशनाच्या पातळीवर आणल्यावर हा बीप त्यांच्यापेक्षा किंचित हळू वाटत होता, आणि मला तेच हवं होतं. मोठा बीप आला की ऐकणारा दचकतो, आणि त्याच्यानंतरची दोन-तीन अक्षरं त्याच्या कानावरून जातात. मग वेळ बरोबर जुळवूनही लय तुटल्यासारखीच वाटते.

दोन्ही टोकांना पाच ते दहा मिलिसेकंदांचा फेड द्यायचा, म्हणजे आवाज एकदम न आणता हळूहळू चढवायचा-उतरवायचा. तो नसेल तर लहर एकदम सुरू होते, एकदम तुटते आणि 'टक्' असा आवाज येतो. झाकलेल्या भागाच्या अलीकडे-पलीकडे तात्यांच्या आवाजालाही तसाच छोटा फेड हवा. सिलेक्शन करून `Z` दाबलं की कडा लहर शून्यावर असते तिथे सरकतात, त्याने निम्मं काम होतं. बीप अगदी शेवटी, मोठा-हळू आवाज एका पातळीत आणणारा कॉम्प्रेसर वगैरे सगळं झाल्यावर लावायचे. आधी लावले तर कॉम्प्रेसर त्यांनाही बोलणं समजून दाबत-उचलत बसतो.

काही जण बोलण्यावर नुसता बीप चढवतात आणि खालचा शब्द तसाच ठेवतात. हे झाकणं नव्हेच. बीप एकाच फ्रिक्वेन्सीचा असतो. १००० हर्ट्झवर अरुंद नॉच फिल्टर लावला की तो जातो आणि शिवी स्वच्छ ऐकू येते. शब्द उलटा वाजवण्याचाही तोच प्रकार, कोणीही तो परत सुलटा करू शकतो. खालचा आवाज पुसलेलाच पाहिजे.

पुसल्यावरही एक जागा तपासायची राहते, ती म्हणजे दुसरा माइक. ताईंच्या कॉलरला लावलेल्या माइकवर तात्यांची प्रत्येक शिवी हळू पण स्पष्ट उतरली होती. तात्यांचा ट्रॅक शांत केला तरी बीपच्या मागून ती डोकावत होती. दोन्ही ट्रॅक एकत्र निवडून शांत केले. तसं केल्यावर पंख्याची घरघरही त्या क्षणापुरती जाते, पण बीप वाजत असताना ते कळत नाही. फरशीच्या खोलीत शब्दाची शेपटी मात्र घुमत राहते. शिवी वाक्याच्या शेवटी असेल तर बीप संपल्यावरही तिचा स्वर हलका ऐकू येतो. बीप लांबवला तर तात्यांचं थांबणं खाल्लं जातं. म्हणून मी बीप शब्दाबरोबरच संपवला, आणि मागच्या घुमण्याच्या जागी त्याच खोलीतल्या मोकळ्या क्षणाचा आवाज बसवला.

हा मोकळा आवाज, म्हणजे रूम टोन, दुसऱ्या एका जागीही उपयोगी पडला. अपघातात गेलेल्या आपल्या कंडक्टरबद्दल सांगताना तात्यांनी हळूच, जवळजवळ स्वतःशीच, नशिबाला एक शिवी दिली. तिथे बीप ठेवून ऐकला आणि लगेच काढला. तेवढ्यात ती विनोदी मालिका वाटायला लागली. तिथे शब्द पुसून त्याच लांबीचा रूम टोन भरला, दोन्ही बाजूंना तीस-चाळीस मिलिसेकंदांचा, एक आवाज उतरवत दुसरा चढवणारा क्रॉसफेड देऊन. शिवीच्या आधी आणि नंतर तात्या स्वतःच थांबलेले होते, म्हणून हे निभावलं. दोन शब्दांच्या मधोमध असती तर भोक दिसलंच असतं. निव्वळ शून्य आवाज मात्र तिथेही चालला नसता. पंखा मध्येच बंद पडल्यासारखा वाटतो, आणि ऐकणारा फोन तपासायला लागतो.

ताईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ओठ दिसतायत की!" खरंच होतं. 'भ'ला ओठ मिटतात, स्वराला उघडतात, आणि तात्यांच्या बाबतीत तर जरा जास्तच उघडतात. बहुतेक ठिकाणी त्याच वेळात ताईंच्या कॅमेऱ्याचा शॉट लावला. जिथे तो नव्हता तिथे तोंडावर ब्लर दिला. तो बीपच्या एक फ्रेम आधी सुरू केला आणि एक फ्रेम नंतर संपवला, कारण ओठ आवाजाच्या आधीच आकार घेतात. सबटायटलमध्ये पहिलं अक्षर आणि पुढे टिंबं. त्या ओळीची वेळ मात्र बदलली नाही. मुलाखतीची जी छापील प्रत वाचनालयात ठेवायची होती तिच्यातही हेच करावं लागणार होतं, आणि तिथे ताई आणि तात्या यांचं अजून एकमत झालेलं नाही. तात्यांचं म्हणणं, "छापताय तर पुरतं छापा, न्हाईतर मला शिव्याच येत नव्हत्या असं वाटंल."