वर सोडलेल्या सळ्या आणि मधला कॉलम

बेळगावच्या वडगावातलं तळमजला अधिक एक असं घर, वर आणखी एक मजला चढवायचा, त्यासाठी व्यवहार्यतेचं पत्र हवं होतं. मालकांचा युक्तिवाद नेहमीचाच: "सर, कॉलमच्या सळ्या वर सोडलेल्याच हाईत की. पाया तेवढ्याचाच असणार." सळ्या सोडणं हा सेंट्रिंगवाल्याचा रिवाज. पायाबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

कॉलमखालचा पाया, म्हणजे फुटिंग, बघायला त्यांनी अंगणातल्या कोपऱ्यात खड्डा काढून ठेवला होता. पण कोपऱ्याच्या कॉलमवर मधल्याच्या साधारण पाव भागाइतकीच स्लॅब येते. म्हणून हॉलमधल्या फरश्या काढायला लावल्या. काळी माती संपून मुरूम लागला तिथे फुटिंग टेकलेलं होतं, ही जमेची बाजू. माप मात्र कोपऱ्यातल्याइतकंच, 1.5 मीटर चौरस. सगळीकडे एकच माप, ही आपल्याकडची जुनी खोड.

मधल्या फुटिंगखाली आजचा भार सुमारे 40 टन, क्षेत्र 2.25 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला 18 टनांच्या आत. माती परीक्षणात सुरक्षित धारणक्षमता 20 टन आली. विटांच्या भिंतींसह मजला चढला की भार 60 होतो आणि दाब 26 च्या पुढे जातो. कोपऱ्याचा खड्डा बघून पत्र दिलं असतं, तर हे दिसलंच नसतं.

कॉलम 230 बाय 300 मिलिमीटर, 16 च्या चार सळ्या. पृष्ठभागावर आपटून ताकदीचा अंदाज देणाऱ्या रिबाउंड हॅमरने काँक्रीट एम-25 प्रतीसारखं दाखवलं. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो आणि हॅमर फुगवून सांगतो, म्हणून त्यावर विसंबायचं नाही. सळई शोधकाने जागा आखून काँक्रीटचे तीन दंडगोल नमुने, म्हणजे कोअर, काढले; त्यांची ताकद न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये 17.8, 16.2, 14.6. एम-20 साठी आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे सरासरी किमान 17 हवी आणि एकही 15 खाली नको. दोन्हीत नापास. एम-15 धरल्यावर कॉलमची ताकद जेमतेम 63 टन, तीही सरळ दाबाला. फुटिंगपाशीच येणारं वजन वगळून नव्या मजल्यासह कॉलमवर 50 टन, सुरक्षिततेचा दीडचा गुणक लावून 75. आयएस 1893 या भूकंपाच्या मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे. पण कॉलम सरळ दाबालाच कमी पडत असल्याने भूकंपाच्या आडव्या बलाचा वाकवणारा मोमेंट त्यात मिळवायची गरजच उरली नाही.

पत्रात लिहिलं: आहे त्या स्थितीत मजला नाही. हवाच असेल तर मधल्या फुटिंगा 1.8 मीटर चौरस करायच्या, एका वेळी एकच उघडून, स्लॅबला आधार देऊन, आणि त्या कॉलमना चारी बाजूंनी 100 मिलिमीटरचं काँक्रीटचं जॅकेट. मग भूकंपाची तपासणी अख्ख्या सांगाड्याची, नव्याने.

गच्चीवरच्या सळ्यांचं कलम वेगळं. गंज घासून व्हर्नियरने व्यास मोजायचा. तळाशी वाकवून परत सरळ केलेली सळई तिथेच चिरू शकते, त्यामुळे ती कापून नवी बसवायची.

पत्र्याच्या हलक्या छताबद्दलही विचारलं होतं. सांगाड्यासह 5 टनच वाढतात, तरी मधल्या फुटिंगखालचा दाब बरोबर 20 ला टेकतो. त्या पर्यायापुढे "भिंती चढवू नयेत" असं ठळक लिहिलं, कारण पत्रा घालून झाला की वर्षभरात विटा येतातच.