तुम्ही विचारलंत म्हणून

‘बातमी सगळ्यांसाठी सारखीच छापता ना? मग ज्याला कळली नाही त्याचा दोष नाही का?’

मीही पूर्वी असंच म्हणायचो. तालुक्याचा वार्ताहर आहे, लोक वाचत नाहीत याचा राग मलाही येतो.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. माझ्याच बातमीत लिहिलं होतं की शेतात पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं. आमच्या गावातल्या निवृत्त गुरुजींनी ती वाचली, माझ्या मामांनीही पारावर वाचून घेतली. सोयाबीन दोघांचंही पाण्यात गेलं. नुकसान कळवण्याला विम्यात ‘पूर्वसूचना’ म्हणतात, हे गुरुजींना आधीच्या वर्षांपासून पाठ, कृषी सहायकाचा नंबर मोबाइलमध्ये, मुलगा ॲपवर फोटो टाकायला तयार. त्यांनी त्याच संध्याकाळी कळवलं. मामा पाणी ओसरायची वाट बघत राहिले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, ‘विमा भरलाय ना, मग मिळंल की.’ विमा एक रुपयात आहे, एवढं त्यांना बातमीतूनच कळलं होतं. तासांचं मात्र डोक्यात राहिलं नव्हतं. तोवर मुदत गेली होती. मामी माझ्याशी बोलल्या नाहीत, तेही बरोबरच होतं. पण बातमी चुकीची नव्हती, हेही मी आजही सांगेन.

१९७० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या टिचेनॉर, डोनोह्यू आणि ओलिएन या संशोधकांनी हेच मांडलं. गरिबाला काहीच कळत नाही, असं ते म्हणत नाहीत. माहितीचा ओघ वाढला की शिकलेले, सुस्थितीतले लोक ती जास्त वेगाने उचलतात, म्हणून त्यांच्यातली आणि बाकीच्यांतली माहितीची दरी रुंदावते. आधीची माहिती आणि विषयावर बोलायला मिळणारी माणसं ही त्यांनी दिलेल्या कारणांपैकी दोन मला गुरुजींच्या ओट्यावर दिसतात. डोक्यात खुंटी असेल तर नवी माहिती टांगली जाते.

मग मामा मठ्ठ आहेत का? कालव्याच्या पाण्यावरून गावात भांडण पेटलं, तेव्हा पाळीचे दिवस गुरुजींपेक्षा मामांनाच अचूक माहीत होते. टिचेनॉर मंडळींनीही १९७५ मध्ये लिहिलं की गावाला भिडणारा वाद असला की दरी कमी होते. म्हणजे गरज आणि ओढ हीही गोष्ट आहे. यावरून तुम्ही म्हणाल, मग विम्याची ओढ का नव्हती? होती. विमा मिळावा ही होती. मुदतीच्या अटीबद्दल कुणी त्यांच्याशी बोललंच नव्हतं.

भारतातल्या शेतकऱ्यांवर शिंगी आणि मोदी यांनी केलेल्या प्रयोगात (१९७६) टीव्हीवरच्या कार्यक्रमाने दरी कमी झाली, कारण त्यात सांगितलेलं बरंचसं जाणकारांना आधीच माहीत होतं, त्यांना शिकायला फारसं उरलंच नव्हतं. म्हणून मी संपादकांना म्हटलं, पावसाळाभर रोज तीच एक ओळ छापू या, ‘७२ तास’. ते म्हणाले, वर्गणीदार कंटाळतील. वर्गणी गुरुजी भरतात, मामा नाही.