डवली: तेलाच्या बाटलीवर नाव चढेपर्यंत

फोंड्याजवळ आमचा छोटा लाकडी घाणा आहे. दाणे बेळगावकडून चोर्ला घाटाने येतात, तीळही तिकडूनच. गोव्यात स्वयंपाकाचं तेल म्हटलं की आधी खोबरेल. शेंगदाण्याचं आणि तिळाचं तेल नेणारी माणसं ठरलेली, घरचा डबा घेऊन घाण्यावरच येणारी. त्यांना नावाची कधी गरज पडली नाही. पणजी-मडगावची दोन-चार दुकानं काचेच्या बाटल्या ठेवायला तयार झाली, तेव्हा मात्र सगळीकडे पहिला प्रश्न एकच आला: ब्रँड कुठला?

घरात सूचनांचा पाऊस पडला. मावशीचं म्हणणं साधं होतं, "शांतादुर्गेचं नाव दे आणि मोकळी हो." माझे दीर, म्हणजे आमचे भावोजी, हिशेब बघतात. ते म्हणाले, "आणि रिकामी बाटली लोक कुठे टाकणार, मावशी? कचऱ्यात?" मावशी गप्प झाली. व्यवहाराची बाजूही होतीच. देवतेच्या नावावर कुणा एकाला हक्क सांगणं अवघड जातं, आणि गोव्यात दुकानापासून बसपर्यंत तीच नावं आहेत. शिवाय ट्रेडमार्क कायद्याच्या ९व्या कलमात धार्मिक भावना दुखावू शकणाऱ्या नावांना मनाई आहे. आमचं नाव त्यात मोडलं असतं असं नाही, पण त्या वाटेला जायचं कारण नव्हतं.

मग आली 'शुद्ध', 'अस्सल', 'पारंपरिक' ही मंडळी. तेलाच्या धंद्यात हे शब्द हात जोडून उभेच असतात. पण खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबत एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे नियम आहेत. ब्रँडच्या नावात नॅचरल, प्युअर, ट्रॅडिशनल, ओरिजिनल असं विशेषण असेल आणि त्यामुळे गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर लेबलवर किमान ३ मिलिमीटर अक्षरात छापावं लागतं की हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप सांगणारं नाही. म्हणजे वर 'शुद्ध' लिहायचं आणि खाली आपणच लिहायचं की तसं समजू नका! विशेषणं तिथेच संपली.

भावोजींचा जीव 'घाणा' या शब्दात अडकला होता. आपण घाण्यावर तेल काढतो, बाहेरून उष्णता देत नाही, तर तेच सांगू या, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि नेमकी तीच अडचण होती. माल कसला, कुठला, कसा केलेला हे सरळ सांगणारा शब्द त्या धंद्यातल्या सगळ्यांचा असतो. ९व्या कलमाखाली अशा शब्दाला एरवी नोंदणी मिळत नाही. 'लाकडी घाणा', 'कोल्ड-प्रेस्ड', 'गोडेतेल', 'तिळेल' हे सगळे शब्द लेबलवर खुशाल छापा, पण नाव म्हणून ते तुमचे होणार नाहीत. उद्या शेजारी कुणी तेच छापलं तर त्याला अडवता येत नाही. आमच्या वकीलबाईंनी एवढंच सांगितलं, "नाव मालाबद्दल जितकं कमी सांगेल, तितकं ते तुमचं राहील." त्यातून रोमन लिपीत घाणा लिहिला की आफ्रिकेतला देश होतो, ते वेगळंच.

मला स्वतःला 'समई' फार आवडलं होतं. छोटं, घरगुती, काचेच्या बाटलीवर शोभणारं. अडचण तिळाच्या तेलाने आणली. तिळाचं तेल दिव्यात घालतात, अंगाला लावतात आणि खातातही. ट्रेडमार्कच्या नोंदवहीत या तिन्हींचे वर्ग वेगळे आहेत: खाण्याचं तेल २९व्या वर्गात, अंगाला-केसांना लावायचं ३ऱ्यात, जाळायचं ४थ्यात. दुकानदार ही नोंदवही वाचत नाही, पण त्याच्या फळ्या तशाच लावलेल्या असतात. मडगावच्या एका ओळखीच्या दुकानदाराला नुसतं नाव सांगून विचारलं, बाटली कुठे ठेवाल? क्षणाचाही विलंब न लावता त्याने उदबत्ती-कापराच्या फळीकडे बोट दाखवलं. दिव्याचं तेल स्वस्त असतं आणि ते खाण्याचं नसतंही. त्याच्या शेजारी महाग खाण्याचं तेल ठेवलं तर ते पडूनच राहणार. 'समई', 'ज्योत', 'निरांजन' या सगळ्यांवर काट मारली. शेंगदाण्याच्या तेलाला तर ही नावं कुठूनच लागू नव्हती.

दोन्ही तेलांना एकच नाव हवं हा आमचा आग्रह होता. बाटली काचेची असल्याने तेल आरपार दिसतं आणि दोन्हींचे पिवळे रंग ट्यूबलाइटखाली बरेच जवळ येतात. म्हणून ब्रँड एक, त्याखाली तेलाचं नाव ठळक, आणि झाकणाचा रंग वेगळा, असं ठरलं होतं. त्यामुळे दाणा, शेंग, भुई असे शब्द असलेली नावंही बाजूला पडली. शेंगेचं नाव लावून तिळाचं तेल कोण घेणार?

'वायंगण' जवळजवळ ठरलं होतं. भात कापल्यावर पाण्यावर घेतात ते हिवाळी पीक. गोव्याच्या शेतकऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. मालाचं वर्णन नाही, गोव्याचा वास आहे, सगळं जुळत होतं. नमुना लेबल छापून आणलं आणि देवनागरीखाली रोमनमध्ये Vaingan वाचताच भाचीने विचारलं, "मामी, हे वेगन तेल आहे?" हिंदी बोलणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यात वांगं दिसलं. हसण्यावारी नेता आलं असतं, पण २०२२पासून खाद्यपदार्थाला वेगन म्हणवायचं तर त्याचे वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आहे. तेल वनस्पतीचंच असलं तरी न केलेला दावा केल्यासारखा दिसणारं नाव कशाला? गोव्यात बाटली उचलणारी निम्मी माणसं रोमन अक्षरं वाचतात, तेव्हा नाव रोमनमध्ये वाचून बघितल्याशिवाय पक्कं करायचं नाही, हे ठरलं.

'डवली' सासूबाईंकडून आलं. डवली म्हणजे करवंटीचा, लाकडी दांड्याचा तो कालवणाचा डाव. कोकणीत दवलो म्हणतात. दिव्याकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात नेणारं नाव, दोन्ही तेलांना चालणारं, आणि तेलाबद्दल स्वतः काहीच न सांगणारं.

आता शोध. ट्रेडमार्क कार्यालयाच्या ipindia.gov.in या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध फुकट आहे. वर्ग २९ निवडून आधी 'Contains' लावून davli टाकलं, मग davali, dawli, dovli. त्यानंतर 'Phonetic' शोध, आणि खरा माल तिथे निघतो. उच्चाराने जवळची नावं येतात: दिवाळी, देवळी, धवल या अंगाची. यादी बघून घाबरायचं नाही. प्रत्येक नावापुढची स्थिती वाचायची. Abandoned, Refused, Removed असं असेल तर ते नाव सहसा वाटेत येत नाही. Registered किंवा Objected असेल तर उघडून कुठल्या मालासाठी आहे ते बघायचं. मसाल्यांचा ३०वा आणि दुकानदारीचा ३५वा वर्गही चाळला, कारण तेल आणि मसाला एकाच फळीवर बसतात आणि गिऱ्हाईक दोन्ही एकाच घरचे समजू शकतं.

एक अडचण यादीत नव्हती, ती फोंडेकरांनी दाखवली. Davli वाचून दोघांनी विचारलं, "ढवळीचं तेल?" ढवळी हे फोंड्याजवळचंच गाव. गावाचं नाव म्हणजे मालाचं ठिकाण, म्हणजे पुन्हा ९वं कलम. म्हणून अर्जात शब्दाचा अर्थ स्पष्ट भरला: करवंटीचा डाव. लेबलवर देवनागरी अक्षरं मोठी आणि रोमन लहान ठेवली. देवनागरीत 'डवली' आणि 'ढवळी' यांचा गोंधळ होत नाही.

अर्ज ऑनलाइन केला. गोव्याचे अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातात. नमुना TM-A, आणि एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला एका वर्गासाठी ₹४,५००, इतरांना ₹९,०००. चित्रासकट अर्ज करू या असं मला वाटत होतं, पण वकीलबाईंनी शब्दच घ्यायला लावला. चित्र आपण पुढेमागे बदलतो, शब्द बदलत नाही, आणि नुसता शब्द नोंदला की तो कुठल्याही अक्षरवळणात आपला राहतो.

मालाच्या रकान्यात आम्ही 'खाद्यतेलं, तूप' असं लिहिलं होतं. भावोजींच्या मनात पुढे तूप होतं. काही महिन्यांनी स्थिती Objected झाली आणि परीक्षण अहवाल आला. ११व्या कलमाखाली उच्चाराने जवळचं एक जुनं नाव समोर ठेवलं होतं. ते दुधाच्या पदार्थांसाठी आणि लोणच्यांसाठी नोंदलेलं. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. उत्तरात आम्ही दोन गोष्टी मांडल्या. नाव दिसायला आणि अर्थाने वेगळं आहे, हा मुद्दा होताच. पण वजन दुसऱ्या गोष्टीला होतं: TM-M नमुन्यात दुरुस्ती मागून मालाचा रकाना 'शेंगदाणा तेल, तिळाचे तेल' एवढाच केला. तूप त्या जुन्या नावाच्या दारात जाऊन बसत होतं. ते काढल्यावर दोघांचा माल एकमेकांवर येईना. भावोजी दोन दिवस नाराज होते. माझ्या मते हा सौदा चांगला झाला. जे आज विकतो त्याचं नाव पक्कं झालेलं बरं. उद्याच्या तुपासाठी दुसरं नाव शोधता येईल.

आक्षेप निघाला आणि नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं. आता ४ महिन्यांत कुणीही विरोध नोंदवू शकतं. तो नाही आला तर नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षांची. तोवर नावापुढे फक्त ™ लावायचं. ® हे चिन्ह नोंदणीनंतरचं. आधी छापलं तर कायद्याने गुन्हा. म्हणून लेबलं सध्या थोडी-थोडीच छापून घेतो, आणि काचेवर नाव उठवलेली बाटली करून घ्यायचा विचारही बाजूला ठेवला आहे. साच्याचा खर्च आणि बाटल्यांची किमान ऑर्डर बघता पक्क्या नावाशिवाय ते परवडणारं नाही.

दुकानदारांची एक मागणी मात्र अजून चालूच आहे. तिळाच्या बाटलीवर 'मालिशीसाठीही उत्तम' छापा म्हणतात, खप वाढेल. छापत नाही. ते लिहिलं की ते सौंदर्यप्रसाधन ठरतं, त्याचा परवाना वेगळा आणि ट्रेडमार्कचा वर्गही ३रा, आणि तिथे आम्ही अर्जच केलेला नाही.