शंभरने सुरू होणारा पत्ता

आमच्या कंपनीचं इंटरनेट असलेल्या ऐरोलीतल्या त्या घरी तक्रार बघायला पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. दार उघडल्या उघडल्या बारावीतला मुलगा म्हणाला, "दादा, चार दिवस गेममध्ये मित्राच्या लॉबीत शिरता येत नव्हतं, आज तर लॉगिनच होत नाहीये." आतल्या खोलीत त्याच वाय-फायवर काकूंची मालिका मात्र व्यवस्थित चालू होती.

त्याच्या दृष्टीने ही एकच तक्रार होती. मला त्या दोन वाटल्या, म्हणून आधी आजची घेतली. लॉगिन सर्व्हरचं नाव `nslookup` ला दिलं, एकदा आमच्या डीएनएसवरून आणि एकदा गूगलच्या 8.8.8.8 वरून. दोन्हीकडून पत्ता आला, म्हणजे डीएनएस ठीक. मग 443 पोर्ट तपासला:

```
Test-NetConnection <सर्व्हरचं नाव> -Port 443
```

`TcpTestSucceeded : True` आलं. पोर्ट अडवलेला असता तर इथे False दिसलं असतं. इथे दार उघडत होतं, पण आत गेल्यावर सर्व्हर एरर देत होता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही तोच एरर आला, आणि डोंबिवलीतल्या त्याच्या मित्राकडे तर कनेक्शन दुसऱ्याच कंपनीचं, तरी तिथेही तोच. दोष गेमच्या सर्व्हरचा होता.

तो राउटर रीसेट करायला निघाला, मी हात धरला. सर्व्हर बंद असताना काहीही बदललं आणि मग तो आपोआप सुरू झाला, तर बदलामुळेच झालं असं वाटतं आणि खरा दोष तसाच राहतो.

मग चार दिवसांची तक्रार. गेममध्ये एनएटीचा प्रकार 'Strict' दाखवत होता, म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन कुठेतरी अडत होतं. यूडीपी 3074 चं पोर्ट फॉरवर्डिंग त्याने स्वतःच केलं होतं, कन्सोलचा पत्ताही अचूक. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला आमच्याकडून मिळालेला पत्ता, पाहिला: 100.72 ने सुरू होणारा. 100.64 ते 100.127 हे पत्ते कंपनीच्या आतल्या वाटपाचे असतात. एक पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटला जातो. पोराने आपल्या घराचं दार उघडलं होतं, पण सोसायटीचं गेट आमच्याकडे होतं. बाहेरून मित्राचं कनेक्शन तिथेच अडायचं. गेम कंपनीच्या सर्व्हरवरचे सामने मात्र चालायचे, कारण तिथे सुरुवात घरातून होते. ही तपासणी हॉटस्पॉटवर करून काही कळत नाही, कारण मोबाइल नेटवर्कवरही बहुतेक वेळा असंच वाटप असतं.

मी ऑफिसात पब्लिक आयपीची विनंती टाकली. महिन्याला थोडे जास्त पैसे पडतील हे काकूंना आधीच सांगितलं.

नऊच्या सुमारास त्याचा मेसेज आला: लॉगिन झालं, एनएटी अजून Strict. दोन दिवसांनी पब्लिक पत्ता मिळाला, राउटर एकदा बंद-चालू केला आणि 'Open' आलं. त्याने लिहिलेल्या फॉरवर्डिंगच्या नियमाला मी हातही लावला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून बरोबर होता.