हंगाम सुरू झाला आणि पुडी परत खिशात आली

मंगळवार, रात्र

दर वर्षी कारखान्यांचे बॉयलर पेटले की आमच्या तंबाखूमुक्तीच्या खोलीत तेच चेहरे मान खाली घालून परत येतात. आज बॉयलरवर काम करणारे एक काका आले. जूनमध्ये त्यांनी तंबाखू सोडली होती. सगळा पावसाळा कोरडा गेला, दसराही गेला. मग गळीत हंगाम सुरू झाला आणि दोन आठवड्यांच्या आत पुडी परत खिशात आली. खुर्चीवर बसतानाच म्हणाले, "ताई, माझ्यात दमच न्हाई. तुमचा येळ फुकट घालवला म्या."

हे वाक्य मी फार ऐकते, आणि दर वेळी मला त्या माणसापेक्षा त्या वाक्याची जास्त काळजी वाटते. "मला जमत नाही" असं एकदा ठरलं की पुढे शोधायला काही उरत नाही. म्हणून मी त्यांना 'का खाल्ली' असं विचारलं नाही. पहिली चिमूट तोंडात गेली ती रात्र मला उलटी सांगा, एवढंच म्हणाले. आधी चिमूट, मग तिच्या आधीचा तास, मग त्याच्या आधीचा.

त्यांनी सांगितलं ते असं. पाळी रात्री आठ ते पहाटे चारची. दिवसा झोप झाली नव्हती, कारण शेजारी लग्नाचा मांडव पडला होता. डबा रात्री दहाला खाल्लेला. तीनच्या सुमाराला वाफेचा दाब खालीवर होऊ लागला, अर्धा तास सगळ्यांचा जीव टांगणीला. दाब जागेवर आला तशी सगळी माणसं बाहेर कट्ट्यावर बसली. एकानं तंबाखू मळली, हातावर हात मारून चुन्याची धूळ झटकली आणि तळवा सगळ्यांपुढे फिरवला. काकांनी चिमूट उचलली. मला विचाराल तर त्या क्षणी त्यांनी काही ठरवलंच नव्हतं. वीस वर्षं तो तळवा पुढे आला की त्यांचा हात गेलेला आहे, तसाच त्या रात्रीही गेला.

मी विचारलं, "जून ते ऑक्टोबर तुम्ही रात्रपाळी केली का हो?"

थोडं थांबून म्हणाले, "न्हाई. ऑफ सीझनला दिवसाचं दुरुस्तीचं काम असतंय."

म्हणजे तो सगळा चांगला काळ दिवसपाळीचा होता. झोप पुरी, जेवण वेळेवर, कट्टा रिकामा. त्या काळात त्यांनी घरची सवय मोडली, सकाळी उठल्याउठल्या लागणारी पहिली चिमूट मोडली, चहानंतरची मोडली. ती मेहनत खरीच. पण पहाटे तीनचा कट्टा मधल्या काळात एकदाही समोर आला नव्हता, त्यामुळे तिथे काय करायचं हे ठरलेलंच नव्हतं. ऑक्टोबरच्या त्या रात्री नेमकं काय उघडं पडलं, ते एवढंच.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या चिमटीनं त्यांना गरगरलं, मळमळलं. इतक्या महिन्यांनी शरीराची निकोटीनची सवय सुटलेली होती, तंबाखूत चुना मळला की निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातून पटकन रक्तात उतरतं, आणि पोट रिकामं. त्यांना ती चिमूट आवडलीसुद्धा नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची पुडी विकत घेतली. का, तर "येक खाल्ली म्हंजी गेलंच की सगळं."

ॲलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं व्यसन परत कसं लागतं याचा अभ्यास करताना नेमका हाच सांधा दाखवला होता. 1985 साली ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की पाय एकदा घसरणं आणि व्यसन पुरतं परत लागणं या दोन वेगळ्या घटना आहेत. एकीतून दुसरीत माणूस जाईल की नाही, हे बरंचसं तो त्या घसरण्याचा अर्थ काय लावतो यावर ठरतं. 'माझ्यातच खोट आहे' म्हटलं की शरम येते, शरम दाबायला तीच जुनी चिमूट लागते. काकांच्या बाबतीत पहिली चिमूट कट्ट्यामुळे आली, पण पुडी आली ती शरमेमुळे.

म्हणूनच आमच्या कार्डावरचा तो रकाना मला आवडत नाही, जिथे एका चिमटीनंतर दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे असतात. मोजणी शून्यावर आणली तरी काकांना चहानंतर तंबाखूशिवाय उठता येतं, हे खोटं ठरत नाही.

अर्थात घसरणं किरकोळ मानून सोडूनही चालत नाही. स्वतःची पुडी खिशात आहे का, घरच्यांपासून लपवताय का, आणि सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात लागते का, हे तीन प्रश्न मी विचारलेच. पुडी होती, लपवत होते, सकाळची मात्र अजून परतली नव्हती. म्हणजे वेळ गेलेली नाही. तोंडात पांढरा चट्टा नाही ना, तीन बोटं उभी मावतात ना, तेही पाहून घेतलं. ठीक आहे.

मग बसून फक्त पहाटेच्या तीनचा विचार केला. डबा दोन भागांत न्यायचा, अर्धा दहाला, अर्धा अडीचला. निकोटीनचा च्युइंगम डॉक्टरांना विचारून चालू केला, पण तलफ येण्याची वाट न बघता कट्ट्यावर जायच्या आधीच तो तोंडात हवा. जूनमध्ये त्यांनी तो साध्या च्युइंगमसारखा सटासट चावला होता, त्यानं उचक्या लागल्या आणि पोटात जळजळ झाली, म्हणून टाकून दिला होता. आज करून दाखवलं: सावकाश चावायचा, जिभेवर तिखट चुणचुण आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा नाही, कारण चहानं निकोटीन नीट उतरत नाही.

राहिला तो पुढे येणारा तळवा. "सोडलीय" म्हटलं की कट्ट्यावर थट्टा होते, असं काका म्हणाले. काय बोलायचं ते त्यांनीच शोधलं: "गोळी चालू हाय, तंबाखू चालत न्हाई." औषधाला कुणी आग्रह करत नाही. ते वाक्य मी त्यांच्याकडून मोठ्यानं दोन-तीनदा म्हणून घेतलं आणि त्या वेळी हातात पाण्याची बाटली धरायला सांगितली, म्हणजे हात मोकळा राहणार नाही.

हे सगळं करूनही अवघड आहेच. रात्रपाळी बदलून देणं माझ्या हातात नाही, आणि झोप अपुरी असेल तेव्हा तलफ जोरात येणारच.

काकू इतका वेळ गप्प होत्या. उठताना म्हणाल्या, "आन् परत खाल्ली तर?"

त्याच दिवशी फोन करा, म्हणाले, पुढच्या तारखेची वाट बघू नका. आमची खोली बंद असेल तर 1800-112-356 ही सरकारी मोफत लाइन आहे. काय झालं ते सांगताना वेळ, कोण सोबत होतं आणि शेवटचं कधी जेवला होता, एवढं आठवून ठेवा. काकूंनी नंबर पिशवीतल्या कार्डामागे लिहून घेतला. पाळी पुढच्या सोमवारी बदलते, दुपारी बारा ते आठ. त्या पाळीत कट्टा किती वाजता भरतो, ते काका मला फोनवर सांगणार आहेत.